एक दशांश सेकंद

मानसशास्त्राच्या इतिहासाच्या पेपरात रचनावाद, कार्यवाद आणि वर्तनवाद हे तिघे ‘फरक स्पष्ट करा’ या प्रश्नाखाली वर्षानुवर्षं एकत्र नांदत आले आहेत. तीन उभे रकाने आखायचे, डावीकडे प्रवर्तक, विषय, पद्धत, टीका असे मथळे द्यायचे आणि प्रत्येक चौकोनात दोन-दोन ओळी बसवायच्या. मार्क मिळतात. पण एका रकान्यातला माणूस शेजारच्या रकान्यातल्या माणसाशी कधी बोलत नाही. प्रत्यक्षात ही मंडळी एकमेकांच्या हाताखाली शिकली, एकाच मासिकातून एकमेकांवर तुटून पडली आणि एकमेकांच्या खुर्चीवर जाऊन बसली. म्हणून या विषयावरच्या निबंधाचा आराखडा मनात जुळवू लागले तेव्हा मी आधी रकाने पुसले. मग प्रश्न आला, की रकाने गेल्यावर या तिघांना एकत्र धरून ठेवणार काय?

व्याख्यांनी ते होत नाही. तिघांच्या व्याख्या तीन दिशांना तोंड करून उभ्या असतात. त्यापेक्षा तिघांच्याही हातून गेलेली एखादी वस्तू शोधावी, असं वाटलं. ती सापडली एका अगदी साध्या प्रयोगात. आवाज आला की बोट उचलायचं, एवढाच तो प्रयोग. आवाज आणि बोट यांच्यामधे जो वेळ जातो तो प्रतिक्रियाकाल. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या चिमूटभर वेळावरून जेवढी शाई सांडली, तेवढी आत्म्यावरूनही सांडली नसेल.

निबंधाची सुरुवात मी लाइपझिगमध्ये करीन. विल्हेल्म वुंटची प्रयोगशाळा 1879 ची, हे सगळ्यांना पाठ असतं, म्हणून त्यावर एका वाक्यापेक्षा जास्त खर्च करायचा नाही. खर्च करायचा तो त्या खोलीतल्या यंत्रावर. हिप नावाच्या घड्याळजीचा क्रोनोस्कोप तिथे होता. खाली उतरणाऱ्या वजनावर चालणारं, सेकंदाचा हजारावा भाग दाखवणारं घड्याळ. त्याचे काटे विजेच्या चुंबकाने चाकांशी जोडले जात आणि सोडले जात. आवाज झाला की काटे पळू लागत, माणसाने तारयंत्राच्या बटणावरचं बोट उचललं की थांबत. पण चुंबकालाही ओढायला आणि सोडायला वेळ लागतो, आणि तो वेळ विजेच्या जोराप्रमाणे बदलतो. मग माणसाचा वेळ मोजतो आहोत की चुंबकाचा? ते कळण्यासाठी ठरावीक उंचीवरून पडणारा एक हातोडा असे. त्याच्या पडण्याचा वेळ आधीच ठाऊक असल्यामुळे त्यावरून घड्याळ तपासून घेत. घड्याळाने हातोड्याचा वेळ बरोबर दाखवला, तरच त्याने सांगितलेल्या माणसाच्या वेळावर विश्वास. ही तपासणी निबंधात आलीच पाहिजे, कारण पुढचा सगळा तंटा एका प्रश्नाभोवती फिरतो. घड्याळ तपासायला हातोडा आहे, बोट उचलणारा माणूस तपासायला काय आहे?

1888 मध्ये लुडविग लांग या वुंटच्या विद्यार्थ्याने एक निष्कर्ष छापला. तोच आवाज, तेच बटण, तोच माणूस. फक्त सूचना बदलायची. एकदा सांगायचं, येणाऱ्या आवाजाकडे लक्ष ठेव. दुसऱ्यांदा सांगायचं, आवाजाचा विचार करू नकोस, बोटाच्या हालचालीकडे लक्ष ठेव. पहिल्या प्रकारात साधारण 230 हजारांश सेकंद लागले, दुसऱ्यात 125 च्या आसपास. म्हणजे लक्ष कुठे ठेवलं एवढ्यावरून जवळजवळ एक दशांश सेकंदाचा फरक.

आपल्याकडे खो-खो खेळलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. चौकोनात बसलेल्या गड्याचे कान मागून येणाऱ्या ‘खो’कडे असले, तर तो नीट ऐकून उठतो, पण जरा उशिरा. त्याचं सगळं चित्त स्वतःच्या पायांत उतरलं असेल, तर तो उडतो, आणि कधी कधी खो मिळण्याआधीच उडून फाउल करतो. लांगच्या प्रयोगातही असंच झालं होतं. बोटाकडे लक्ष ठेवणाऱ्यांची बोटं अधूनमधून आवाजाआधीच उठत, किंवा भलत्याच आवाजाला उठत.

वुंटने या फरकाचा अर्थ लावला तो वजाबाकीने. आवाजाकडे लक्ष असताना तो आवाज नुसता कानावर पडत नाही, तो जाणिवेच्या मध्यभागी येऊन स्पष्ट होतो, आणि मग इच्छा बोटाला हलवते. बोटाकडे लक्ष असताना ही मधली पायरी गळते. तेव्हा लांब वेळातून छोटा वेळ वजा केला, की मनाच्या त्या एका क्रियेची किंमत हातात येते, एक दशांश सेकंद. आजही हा विचार वाचताना अंगावर काटा येतो. कुणीतरी मनाच्या एका तुकड्याला लांबी दिली होती.

इथे कंसात एक सावधगिरी लिहून ठेवली आहे. वुंटला रचनावादी म्हणायचं नाही. त्याने स्वतःच्या मानसशास्त्राला ते नाव दिलं नाही. इच्छाशक्ती हा त्याच्या विचाराचा कणा होता, आणि भाषा, पुराणकथा, रूढी यांवर त्याने पुढे दहा खंड लिहिले. मनाचे घटक मोजत बसणारा कोरडा वुंट आपल्यापर्यंत पोहोचला तो बराचसा त्याच्या एका इंग्रज विद्यार्थ्यामुळे.

तो विद्यार्थी म्हणजे एडवर्ड टिचनर. ऑक्सफर्डमध्ये शिकून तो लाइपझिगला आला, 1892 मध्ये पदवी घेऊन अमेरिकेत कॉर्नेलला गेला आणि तिथेच राहिला. व्याख्यानाला ऑक्सफर्डचा झगा घालून येई. मला या माणसाबद्दल ममत्व आहे, हे निबंधात लपवणार नाही. पाठ्यपुस्तकात तो फक्त हरलेला माणूस म्हणून येतो, आणि हरलेल्या माणसाने काय करू पाहिलं होतं ते कुणी विचारत नाही.

त्याला मनाचं शरीररचनाशास्त्र हवं होतं. अनुभव फोडत फोडत जिथे आणखी फुटत नाही तिथवर जायचं. तिथे त्याला तीन प्रकारचे घटक मिळाले, संवेदनं, प्रतिमा आणि भाव. 1896 च्या पुस्तकात त्याने वेगवेगळी ओळखता येतील अशा संवेदनांची बेरीज 44 हजारांच्या वर नेली, त्यातली बहुतेक डोळ्यांची. हसू येतं, पण हसण्याआधी त्याची पद्धत पाहावी. समोर टेबल आहे असं म्हणणं त्याच्या प्रयोगशाळेत चूक होती. टेबल हा वस्तूबद्दलचा निष्कर्ष झाला. अनुभवात आहेत ते तपकिरी रंगाचे कमी-जास्त उजळ पट्टे, एक विशिष्ट आकार, कडेला दाबाचं संवेदन. वस्तूचं नाव घेतलं की अनुभव निसटला. ही चूक टाळायला माणसाला महिनोन्‌महिने सराव लागे. म्हणजे टिचनरच्या दृष्टीने अंतर्निरीक्षण हे कुणीही बसल्याजागी करायचं काम नव्हतं. घड्याळाला जसा हातोडा, तसा माणसाला सराव.

आणि हीच त्याच्या घराची कच्ची भिंत. ती दाखवण्यासाठी निबंधाच्या मधला सर्वांत मोठा भाग मी 1895 आणि 1896 या दोन वर्षांना देणार आहे.

त्या वर्षांत प्रिन्स्टनमधल्या जेम्स मार्क बाल्डविनने लांगचा प्रयोग पुन्हा केला. त्याने सराव केलेले पारंगत निरीक्षक घेतले नाहीत, जशी माणसं मिळाली तशी घेतली. निकाल वेगळा आला. काही जणांची बोटं हालचालीकडे लक्ष असताना लवकर उठली, आणि काहींची चक्क आवाजाकडे लक्ष असताना. बाल्डविन म्हणाला, माणसांचे प्रकार असतात. कुणाची स्मृती कानातून चालते, कुणाची स्नायूंतून, आणि ज्याला जे सवयीचं त्याला त्यातच गती. तेव्हा लाइपझिगचा नियम हा सर्व मनांचा नियम नाही, तो एका प्रकारच्या मनांचा नियम आहे.

टिचनरचं उत्तर तिखट होतं. ज्यांच्यात स्थिर निरीक्षणाची मुळात पात्रताच नाही, त्यांचे आकडे घेऊन नियम मोडता येत नाहीत. विज्ञानाला सर्वसामान्य प्रौढ मन हवं आहे, आणि त्यासाठी माणूस निवडावा लागतो, तयार करावा लागतो. बाल्डविनने उलट विचारलं, की तुमच्या नियमात बसणारी माणसं तेवढी निवडायची, न बसणारी अपात्र ठरवायची आणि मग नियम सिद्ध झाला म्हणायचं, हा कुठला न्याय?

आराखड्यात या ठिकाणी मी समासात मोठी रेघ ओढली आहे. इथे दोघांचंही पटतं. सराव न केलेल्या माणसाचे आकडे इतके हेलकावे खातात, की त्यांची सरासरी काढणं धाडसाचं असतं. आणि सराव करून घेतलेला माणूस आपल्याला मनाबद्दल सांगतो की सरावाबद्दल, तेही ठरवता येत नाही. मतभेद घड्याळाचा असता तर हातोडा पाडून मिटवता आला असता. इथे मतभेद झाला की प्रत्येक जण दुसऱ्याच्या माणसाला दोष देतो. एखादी पद्धत आजारी आहे हे ओळखण्याची याहून स्पष्ट खूण मला माहीत नाही.

तंटा मिटवण्याचा प्रयत्न शिकागोहून झाला. जेम्स रोलँड एंजल आणि ॲडिसन मूर या दोघांनी 1896 मध्ये तोच प्रयोग वेगळ्या नजरेने केला. त्यांनी नवखा की पारंगत, असा निवाडा करण्याऐवजी नवख्याला पारंगत होताना पाहिलं. सुरुवातीला माणसांमाणसांत फरक होते, बाल्डविन म्हणत होता तसेच. सराव वाढत गेला तसा हालचालीकडे लक्ष देण्याचा वेळ कमी होत गेला आणि टिचनरचा नियम उमटू लागला. दोघेही खरे. एक प्रवासाच्या सुरुवातीबद्दल बोलत होता, दुसरा शेवटाबद्दल.

पण एंजल आणि मूर एवढ्यावर थांबले असते तर ती नुसती तडजोड झाली असती. त्यांनी प्रश्नच बदलला. लक्ष म्हणजे काय, हे विचारायचं सोडून लक्ष केव्हा आणि कुठे लागतं, हे विचारलं. लक्ष तिथे जातं जिथे काम अजून जमलेलं नसतं. बटणावरचं बोट सवयीचं झालं की लक्षाला तिथे काही करायचं उरत नाही, ते मोकळं होतं. लक्ष आणि सवय ही एकाच जुळवणीची दोन टोकं, एकाचं ओझं वाढलं की दुसऱ्याचं घटतं. या चित्रात आवाज, लक्ष आणि बोट हे एकापुढे एक ठेवलेले तुकडे नाहीत, म्हणून वजाबाकीही शक्य नाही. वुंटने ज्या पायरीला लांबी दिली होती, ती पायरी म्हणून वेगळी उरतच नाही.

त्याच वर्षी, एंजल-मूरचा प्रयोग ज्यात छापला गेला त्याच मासिकात, त्याच विद्यापीठातल्या जॉन ड्यूईचा एक लेख आला. त्यात मेणबत्तीकडे हात नेणारं मूल आहे. ज्योत दिसते, हात जातो, चटका बसतो, हात मागे येतो. लोक याचे संवेदन आणि हालचाल असे तुकडे करतात. ड्यूई म्हणतो, नुसती ज्योत दिसली असं घडतच नाही, पाहणं हीही एक कृती आहे, आणि चटक्यानंतर त्या मुलाला ती पूर्वीची ज्योत पुन्हा दिसणार नाही. आता तो उजेड म्हणजेच भाजणं. हा लेख अवघड आहे आणि ड्यूईचं गद्य चिवट. तरी निबंधात त्याला चांगला परिच्छेद द्यायला हवा, कारण एंजल-मूरच्या आकड्यांमागे नेमकं काय चाललं होतं, ते इथे उघड होतं.

कार्यवादाबद्दल बहुतेक निबंध घसरतात ते विल्यम जेम्सचा जाणिवेचा प्रवाह आणि डार्विन यांची नावं घेऊन पुढे पळताना. जेम्सला मी आराखड्यात एवढ्यापुरताच ठेवला आहे, की पितळी यंत्रांच्या मानसशास्त्राचा त्याला मनापासून कंटाळा होता. दुसरी गंमत अशी, की कार्यवाद्यांनी आपला पंथ काढतो आहोत असा डंका वाजवला नव्हता. 1898 च्या लेखात टिचनरनेच दोन बाजूंना नावं देऊन रेघ मारली. रचना आधी, कार्य नंतर, असं त्याचं म्हणणं होतं. एंजलने 1906 मध्ये अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या अध्यक्षीय भाषणात कार्यवादाची बाजू मांडली, तोवर प्रतिस्पर्ध्याने दिलेलं नाव अंगाला चिकटलं होतं.

आता तिसरा. जॉन वॉटसन हा एंजलचाच विद्यार्थी, शिकागोची डॉक्टरेट 1903 ची. काम पांढऱ्या उंदरांवर. उंदराला चक्रव्यूहातून जाताना नक्की कशाचा आधार असतो, हे पाहण्यासाठी त्याने उंदरांचे डोळे, नाक, कान एकेक करून निकामी केले, तरी उंदीर वाट चुकले नाहीत. पुढे हार्वी कार या सहकाऱ्याबरोबर त्याने सरावलेल्या उंदरांच्या चक्रव्यूहातली एक वाट मधेच आखूड केली. उंदीर भरधाव आले आणि समोरच्या भिंतीवर जाऊन आपटले. पाय सवयीने धावत होते. एंजल आणि मूरची सवय ती हीच, फक्त इथे ती लक्षापासून पूर्ण सुटलेली दिसत होती.

अडचण अशी, की त्या काळच्या रिवाजाप्रमाणे प्रयोग संपला की उंदराच्या मनात काय चाललं असेल, तेही लिहायचं. चक्रव्यूह त्याला कसा जाणवत असेल, त्याच्या संवेदना कोणत्या. टिचनरची पहिली डॉक्टरेट विद्यार्थिनी मार्गारेट वॉशबर्न हिने 1908 मध्ये प्राण्यांच्या मनावर अख्खं पुस्तक लिहिलं, माणसावरून साधर्म्याने अनुमान करत. उंदीर अंतर्निरीक्षण करू शकत नाही, म्हणून प्रयोगकर्त्याने त्याच्या वतीने करायचं. वॉटसनला हे असह्य झालं. त्याच्या वर्तनवादाचा उगम मी इथे दाखवणार आहे, पुढच्या काळातल्या लहान अल्बर्टच्या रडण्यात नाही. अल्बर्टची गोष्ट सगळे सांगतात, आणि ती 1920 ची आहे. तोवर जाहीरनामा जुना झाला होता.

1908 मध्ये वॉटसन जॉन्स हॉपकिन्सला गेला, तो बाल्डविनच्या बोलावण्यावरून. लवकरच एका बदनामीच्या प्रकरणात बाल्डविनला विद्यापीठ सोडावं लागलं, आणि बाल्डविनने सहसंस्थापक म्हणून उभं केलेलं ‘सायकॉलॉजिकल रिव्ह्यू’ हे मासिक वॉटसनच्या हाती आलं. प्रतिक्रियाकालाच्या भांडणाचा एक भाग ज्या पानांवर झाला, एंजल-मूर आणि ड्यूई ज्यात छापले गेले, त्याच मासिकात 1913 मध्ये वॉटसनचा वर्तनवादावरचा लेख आला. इतिहासाला नाट्याची हौस असते असं म्हणण्याचा मोह मी टाळला आहे, पण तपशील गाळणार नाही.

त्या लेखात दोन जागा आहेत ज्यांच्यासाठी मी हा सगळा रस्ता आखला. पहिलीत तो म्हणतो, की रचनावादी आणि कार्यवादी मानसशास्त्रात फरक काय, हे समजून घ्यायचा आपण मनापासून प्रयत्न केला आणि गोंधळ वाढला, कारण कार्यवादीही संवेदन, भाव हेच शब्द वापरतात. आपल्या गुरूलाच मारलेली ही चपराक. दुसरी जागा त्याहून महत्त्वाची. तुमचा निकाल माझ्यासारखा आला नाही, तर दोष उपकरणाचा किंवा परिस्थितीचा ठरत नाही, तुमचं अंतर्निरीक्षण कच्चं आहे असं ठरवलं जातं. पदार्थविज्ञानात किंवा रसायनशास्त्रात बोट प्रयोगाच्या परिस्थितीकडे गेलं असतं, इथे ते माणसाकडे जातं. ज्याने 1895 चा तंटा वाचला आहे, त्याला या वाक्यामागे टिचनर आणि बाल्डविन समोरासमोर उभे दिसतील. फक्त रकाने पाठ केलेल्याला हे वाक्य नुसती टीका वाटेल.

वॉटसनचा उपाय सरळ होता. माणूस स्वतःच्या आत पाहून काय सांगतो, ते पुरावा म्हणून घ्यायचं नाही. उद्दीपक आणि प्रतिसाद, एवढंच नोंदायचं. आवाज आणि बोट. मधलं गाळायचं. त्यामुळे भांडण मिटलं का? बरंचसं मिटलं, कारण दोन प्रयोगशाळांना आता एकाच गोष्टीकडे बोट दाखवता येत होतं. टिचनरने 1914 मध्ये उत्तर दिलं, आणि ते त्याच्या इतर लिखाणाच्या मानाने शांत आहे. हे काम उपयोगी असेल, पण ते मानसशास्त्र नव्हे, मानसशास्त्राला त्याने धक्का बसत नाही, असं त्याचं मत. दोघांची मैत्रीही टिकली, ही मला आवडणारी गोष्ट.

पण आराखड्याच्या शेवटच्या भागात मला वॉटसनला लांगच्या खोलीत नेऊन बसवायचं आहे. त्याच्या नियमाप्रमाणे तिथे काय नोंदता येईल? आवाज दोन्ही वेळेला तोच. बटण तेच, बोट तेच. वेळ मात्र एकदा 230 आणि एकदा 125. उद्दीपक बदलला नाही आणि प्रतिसाद बदलला. वर्तनवादी म्हणेल, सूचना बदलली, आणि बोललेली सूचना हाही उद्दीपकच. बरोबर. पण ती सूचना आवाजाच्या आधी कधीतरी दिलेली असते, कुठेतरी टिकून राहते आणि प्रत्येक आवाजाच्या वेळी पुन्हा काम करते. कुठे टिकते, याचं उत्तर द्यायला मधली जागा लागते, आणि ती जागा तर आपण नुकतीच गाळली. पुढच्या पिढीतल्या प्रयोगकर्त्यांना ‘तयारी’, ‘पूर्वकल’ असे शब्द पुन्हा आणावे लागले ते यासाठीच. माणसाच्या तोंडी निवेदनाला वॉटसनने पुढे वर्तनाचा एक प्रकार म्हणून आत घेतलं, तेव्हाही टीकाकारांनी त्याच्यावर अंतर्निरीक्षण मागच्या दाराने आत आणल्याचा आरोप केला.

वॉटसनने म्हातारपणाकडे झुकताना लिहिलेल्या छोट्या आत्मकथनात एक कबुली आहे. माणसांवर प्रयोग करणं त्याला कधी रुचलं नाही, आणि स्वतः प्रयुक्त होऊन बसणं तर त्याहून नाही. प्रयुक्ताला दिल्या जाणाऱ्या त्या कोंदट, कृत्रिम सूचना त्याला नकोशा वाटत. उंदरांबरोबर मात्र तो रमे, कारण उंदराला सूचना द्यावी लागत नाही. निबंधाचा शेवटचा परिच्छेद या कबुलीवर उभा करायचं ठरवलं आहे. लांगच्या प्रयोगात एक दशांश सेकंदाचा फरक सूचनेनेच पाडला होता, आणि वॉटसनला सगळ्यात जास्त तिटकारा होता तो तिचाच.